जुन्या कस्टमरचं कॉन्ट्रॅक्ट गोडीत कसं बंद करायचं: वाळूजच्या एका छोट्या शॉपचं उदाहरण घेऊन

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, कुठेही जा, छोट्या सीएनसी शॉपवाल्यांचा हा प्रश्न ठरलेला असतो. आठ-नऊ वर्षं झाली एका कंपनीचा एकच पार्ट करायलोय, आता तो ठेवणं परवडंना, पण त्याच कंपनीचे अजून दोन पार्ट आपल्याकडे आहेत आणि उद्या नवीन कामासाठी पुन्हा त्यांच्याच गेटवर उभं राहायचंय, तर नाही म्हणायचं कसं? मी बरीच वर्षं परचेसच्या खुर्चीत काढली आणि आता अशाच छोट्या शॉपचं कमर्शियल बघतो, त्यामुळे दोन्हीकडून काय दिसतं ते माहितीय.

बहुतेक जण काय करतात तर तोंडाने काहीच बोलत नाहीत. डिस्पॅच दोन-दोन दिवस लेट करायला लागतात, फोन वाजत राहतो, "ऑपरेटर गावाकडं गेला" चालू होतं, आणि मनात असतं की कस्टमरने वैतागून आपणच काम काढून घ्यावं म्हणजे आपल्यावर वाईटपणा नको. ही सगळ्यात महागाची पद्धत आहे. दर महिन्याला सिस्टीममध्ये व्हेंडर रेटिंग पडतं, त्यात डिलिव्हरीचे मार्क असतात, आणि परचेसचा माणूस बदलून गेला तरी ते मार्क तिथेच राहतात. तीन वर्षांनी नवीन माणूस नवीन पार्टची चौकशी काढताना तुमचा व्हेंडर कोड उघडतो आणि शेवटचे चार महिने लाल दिसतात, मग तुम्हाला चौकशी येतच नाही आणि का आली नाही तेही कळत नाही.

परचेसवाल्याला भीती एकच, लाइन थांबायची. तुम्ही काम सोडताय याचा त्याला राग येतो तो एक दिवस, पण लाइन थांबली तर ते तो रिटायर होईपर्यंत सांगत फिरतो. पुढची सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे.

उदाहरण धरू

वाळूजमधलं एक चार मशीनचं शॉप. २०१७ पासून टू-व्हीलरच्या सुट्या भागांच्या एका कंपनीसाठी एक बुश मशीन करून देतात. फोर्जिंग कस्टमरचं येतं, आपण फक्त टर्निंग करून द्यायचं, म्हणजे जॉबवर्क. महिन्याला १२,००० नग, रेट ९.५० रुपये, आणि हा रेट २०२१ नंतर हललेला नाही.

आधी हिशोब, कारण पुष्कळ लोक नुसतं "परवडत नाही" म्हणतात आणि आकडा विचारला की गप्प. लोडिंग-अनलोडिंग धरून एका नगाला ९५ सेकंद लागतात. तासाला ३८ च्या आसपास निघायला पाहिजेत, पण टूल बदलणं, गेजिंग, चहा सगळं धरलं की हातात ३२ येतात. ३२ गुणिले साडेनऊ म्हणजे मशीन तासाला ३०४ रुपये कमावते. १२,००० नगांना ३७५ तास लागतात, आणि दोन शिफ्टमध्ये महिन्याचे तासच ४०० भरतात, म्हणजे एक अख्खी मशीन या बुशलाच बांधलेली. शेजारच्या मशीनवर दुसऱ्या कस्टमरचं मोठ्या व्यासाचं काम तासाला ४३० देतं आणि ते काम अजून यायला तयार आहे. फरक तासाला १२६, महिन्याला ४७ हजारांच्या वर. आता हा निर्णय आहे, याला नुसती कुरकुर म्हणता येत नाही.

पत्राआधी स्वतःला एक प्रश्न

उद्या कस्टमरने रेट १३.५० केला तर काम ठेवणार का? उत्तर "हो" असेल तर इथेच थांबा, तुम्हाला कॉन्ट्रॅक्ट बंद करायचंच नाही, तुम्हाला रेट वाढवून पाहिजे, आणि त्यासाठी सायकल टाइमची शीट आणि वीज-पगाराचा हिशोब घेऊन रेट रिव्हिजनचा अर्ज द्यायचा असतो. बंद करायचं पत्र देऊन रेट वाढवून घेणारे आहेत, एकदा जमतं पण त्यांना. पण परचेसवाला त्याच दिवशी दुसरा सोर्स शोधायला सुरुवात करतो, आणि तो मिळाला की तुमचे बाकीचे पार्ट पण हळूहळू तिकडं जातात. आपल्या उदाहरणातल्या मालकाने ठरवलंय की मशीनच दुसऱ्या कामाला लावायची, रेट वाढवला तरी नाही. मग पुढे जायला हरकत नाही.

आणि नेमकं काय बंद करायचंय तेही ठरवा. पूर्ण कंपनीशी व्यवहार बंद की फक्त हा पार्ट? इथे फक्त बुश. बाकीचे दोन पार्ट चालू राहणार, आणि हे पत्रात स्वतंत्र वाक्य म्हणून आलं पाहिजे, नाहीतर अकाउंट्सवाले तुमचा कोडच ब्लॉक करून टाकतात.

कागद काढा

रेट कॉन्ट्रॅक्ट काढा, त्याच्या अमेंडमेंट काढा, आणि पीओच्या पाठीमागे बारीक अक्षरात छापलेल्या जनरल टर्म्स काढा, ज्या आजपर्यंत कोणी वाचलेल्या नाहीत. त्यात चार गोष्टी शोधायच्या.

पहिली, नोटीस किती दिवसांची आणि दिवस कधीपासून मोजायचे. बऱ्याच ठिकाणी पत्र मिळाल्यापासून मोजतात, लिहिल्यापासून नाही. दुसरी, नोटीस कुठे आणि कशी द्यायची. काही कॉन्ट्रॅक्टमध्ये रजिस्टर्ड ऑफिसचा पत्ता असतो जो मुंबई-पुण्याचा असतो, आणि तुम्ही प्लांटला दिलेलं पत्र कागदावर नोटीस धरलंच जात नाही. जुन्या कॉन्ट्रॅक्टमध्ये "रजिस्टर्ड पोस्टाने" असं लिहिलेलं असतं, पण पोस्टाने २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टातच विलीन केलंय, म्हणून स्पीड पोस्टाने पाठवा, पोहोच जपून ठेवा आणि सोबत ईमेल करा. तिसरी, कॉन्ट्रॅक्ट आपोआप रिन्यू होतं का. "मुदतीच्या ९० दिवस आधी न कळवल्यास पुढील वर्षासाठी चालू" असं कलम असलं आणि ती तारीख निघून गेली असली तर वकिलाला दाखवल्याशिवाय पत्र देऊ नका. चौथी, स्पेअरचं कलम. गाडीचं मॉडेल बंद झालं तरी पुढे इतकी वर्षं स्पेअर द्यायचे असं कबूल केलेलं असू शकतं, ते असेल तर त्यावर आधी बोलावं लागेल.

आपल्या उदाहरणात कलम १४ मध्ये ६० दिवसांची नोटीस आहे, कारण द्यायची गरज नाही, आणि आपोआप रिन्यूवलचं कलम नाही. सोपं आहे.

लेखी कॉन्ट्रॅक्टच नाही, वर्षानुवर्षं नुसत्या पीओवर चाललंय, असंही पुष्कळ ठिकाणी असतं. मग चालू पीओमधले उरलेले नग पूर्ण करायचे आणि कस्टमरला दुसरी सोय करायला पुरेल एवढा वेळ द्यायचा.

तारीख उलटीकडून काढा

लोक कॉन्ट्रॅक्टमधले ६० दिवस बघतात आणि तेवढेच देतात. नियमाने बरोबर, पण कस्टमरचं काम ६० दिवसांत होत नाही. त्याला काय करावं लागतं बघा: नवीन व्हेंडर शोधणं, कोट, त्याच्याकडे सेटअप, सॅम्पल, मोजमापाचा रिपोर्ट, आणि मग पीपॅप, म्हणजे प्रॉडक्शन सुरू करायची कस्टमरची मंजुरी. त्या पीपॅपसाठी नवीन व्हेंडरने प्रॉडक्शनच्याच मशीनवर सलग किमान ३०० नग काढून दाखवायचे असतात, कस्टमरने वेगळं काही सांगितलं नसेल तर. त्यात एखादं माप हुकलं की परत पहिल्यापासून. अडीच-तीन महिने सहज जातात.

म्हणून नोटीस १६ नोव्हेंबरला आणि शेवटचा डिस्पॅच २८ फेब्रुवारीला, म्हणजे १०४ दिवस. नोव्हेंबरच कामून? दसरा-दिवाळीआधी टू-व्हीलरवाल्यांचं प्रॉडक्शन फुल असतं, तेव्हा परचेसवाल्याकडे असं पत्र घेऊन गेलात तर तो तुमचं ऐकणारच नाही, फक्त लक्षात ठेवेल. आणि शेवटची तारीख मार्च एंडला आणू नका. तेव्हा अकाउंट्स, स्टोअर्स, ऑडिट सगळे स्टॉक मोजण्यात गुंतलेले असतात आणि तुमचं फिक्श्चर परत घ्यायलाही माणूस मिळत नाही.

वरच्या १०४ दिवसांत ४४ दिवस तुम्ही आपणहून दिले, आणि तेही जुन्याच रेटने. दीड महिना तासाला १२६ चा फरक सोसायचा म्हणजे साधारण ७० हजार झाले. बाकीचे दोन पार्ट आणि पुढचं काम टिकवायचा हा खर्च आहे असं धरा. हा खर्च पेलण्यासारखा नसेल तर दिवस कमी करा, पण कमी करताय हे ठरवून करा.

आधी तोंडी, मग त्याच दिवशी पत्र

व्हॉट्सॲपवर नाही. थेट वरच्या साहेबांना पण नाही. ज्या बायरशी तुमचं रोजचं बोलणं आहे त्याला आधी जाऊन भेटा, कारण त्याला हे त्याच्या साहेबांकडून कळलं तर तो कायमचा दुखावला म्हणून समजा. त्याच्याही आधी शॉपमध्ये, टूल सप्लायरला, ट्रान्सपोर्टवाल्याला बोलू नका. वाळूजमध्ये गोष्ट चहाच्या टपरीवरून गेटपर्यंत पोहोचायला एक शिफ्ट पुरते.

बोलणं साधारण असं होतं:

"साहेब, एक सांगायला आलोय. बुशचं काम फेब्रुवारी एंडपर्यंत करतो, त्याच्यापुढं नाही जमणार. ती मशीन दुसऱ्या कामाला लावायचं ठरलंय."

"अरे, आता? रेटचं बोलायचंय का? बस ना, बोलू."

"नाही साहेब, रेटसाठी नाही आलो. रेट वाढवला तरी मशीन मोकळी होत नाही. उगं तुम्हाला आशेवर ठेवायचं नाही म्हणून आधीच सांगायलो."

"मग माझ्या लाइनचं काय? वरती काय सांगू मी?"

"तेच घेऊन आलोय. फेब्रुवारीपर्यंत शेड्यूल पूर्ण, वर सहा हजार नग बँक स्टॉक करून देतो, आणि नवीन व्हेंडरचा सेटर दोन दिवस आमच्याकडे पाठवा, सगळं दाखवतो."

इथे खरी गंमत आहे. "वरती काय सांगू" हाच त्याचा प्रश्न असतो, आणि तुम्ही एका पानावर त्याला ते उत्तर देऊन टाकलं तर तो तुमच्या बाजूने बोलतो. ते पान छापून न्या: महिन्यावार नग, बँक स्टॉक कधी तयार, फिक्श्चर कधी परत. आणि ते आकडे आधी स्वतः तपासा. सहा हजार नगांना १८८ तास लागतील, रविवारी दोन शिफ्ट चालवल्या तर जानेवारी एंडपर्यंत ११ रविवारांचे १७६ तास मिळतात आणि बाकीचे रोजच्या शिल्लक तासांतून निघतात, तर कबूल करा. नुसतं गोड वाटावं म्हणून बँक स्टॉक कबूल केला आणि दिला नाही, तर न बोलता लेट करणाऱ्यांमध्ये आणि तुमच्यात काही फरक राहत नाही.

पत्र

पत्र शेवटी इंग्रजीत जाणार असलं तरी आधी मराठीत लिहा. डायरेक्ट इंग्रजीत लिहायला बसलं की नेटवरचं कोरडं वकिली पत्र उतरतं आणि नऊ वर्षं ओळखीच्या माणसाला ते नोटिशीसारखं लागतं. असं चालेल:

> विषय: बुश पार्टचा रेट कॉन्ट्रॅक्ट २८ फेब्रुवारी रोजी बंद करणेबाबत
>
> साहेब, सप्रेम नमस्कार.
>
> आज सकाळी आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे हे पत्र देत आहोत. २०१७ मध्ये आमच्याकडे दोनच मशीन होत्या तेव्हा तुम्ही हे काम आमच्यावर सोपवलं, आणि गेजिंगची पद्धत तुमच्या क्वालिटीच्या टीमने आमच्या शॉपवर येऊन बसवून दिली. आज आम्ही चार मशीनवर आहोत त्यात या कामाचा मोठा वाटा आहे.
>
> ज्या मशीनवर हा बुश होतो ती मशीन १ मार्चपासून मोठ्या व्यासाच्या कामासाठी वापरायचं आम्ही ठरवलं आहे. म्हणून कॉन्ट्रॅक्टच्या कलम १४ नुसार हे पत्र नोटीस म्हणून देत आहोत. कलमात ६० दिवस आहेत, तरी नवीन सोर्स तयार करायला तुम्हाला वेळ मिळावा म्हणून आम्ही २८ फेब्रुवारीपर्यंत सप्लाय चालू ठेवू. त्या तारखेनंतर या पार्टचा सप्लाय आमच्याकडून होणार नाही.
>
> तोपर्यंत महिन्याला १२,००० नग सध्याच्याच रेटने देऊ. फोर्जिंग वेळेवर मिळाल्यास ३१ जानेवारीपर्यंत ६,००० नगांचा जास्तीचा स्टॉक करून देऊ. तुमचं फिक्श्चर, गेज, ड्रॉइंग आणि उरलेलं फोर्जिंग १५ मार्चपर्यंत चलनाने परत करू. नवीन व्हेंडरच्या सेटरला आमच्याकडे दोन दिवस सेटअप बघता येईल.
>
> हे पत्र फक्त बुशपुरतं आहे. बाकीचे दोन पार्ट आहेत तसेच चालू राहतील. मोठ्या व्यासाच्या टर्निंगचं काम निघालं तर आमच्याकडे चौकशी जरूर पाठवावी.
>
> पत्र मिळाल्याचं आणि शेवटची तारीख नोंदवल्याचं ईमेलने कळवावं, ही विनंती.

आता यात काय आहे आणि काय मुद्दाम नाही ते बघा. आभार मानताना "आपल्या सहकार्याबद्दल ऋणी आहोत" लिहिलं नाही, ते कोणीही कोणालाही लिहितं. गेजिंग बसवून दिल्याचं लिहिलं, कारण ते खरंच झालंय आणि त्या क्वालिटीवाल्याला पत्र दाखवलं जातं तेव्हा तो पण हसतो.

कारण एकच आणि खरं. "काही अपरिहार्य कारणांमुळे" असं लिहू नका, वाचणाऱ्याला वाटतं शॉप बुडायलंय की काय, आणि मग बाकीच्या पार्टसाठी पण तो पर्यायी सोर्स शोधतो. रेट २०२१ नंतर वाढला नाही, पेमेंट लेट होतं, याचा एक शब्द नाही. ते खरं असलं तरी हे पत्र फाइलला लागतं आणि बायरच्या वरचे लोक वाचतात, त्यात तुम्ही बायरचीच तक्रार लिहिल्यासारखं होतं.

"त्या तारखेनंतर सप्लाय होणार नाही" हे वाक्य जरा टोचतं, बरोबर? लोक तिथे हमखास मऊ करतात, "शक्य झाल्यास पुढेही सहकार्य करू" असं जोडतात. नका जोडू. परचेसवाला तेवढंच वाचतो, नवीन सोर्सचं काम ढिलं पडतं, आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात तुम्हाला खरंच नाही म्हणावं लागतं तेव्हा तुम्ही शब्द फिरवल्यासारखे दिसता. पुढच्या कामाचं वाक्यही तसंच, कुठलंही वचन नाही, फक्त कोणत्या कामाची चौकशी पाठवायची तेवढं सांगितलंय.

पत्र गेल्यावर काय होतं

चार गोष्टींपैकी एक होते. रेट वाढवून देतो म्हणतील: आभार माना, आणि तोंडी जे सांगितलं तेच पुन्हा सांगा, मशीन मोकळी नाही. मुदत वाढवा म्हणतील: देणार असाल तर एकदाच, लेखी, नग आणि तारीख टाकून, उदाहरणार्थ "१५ मार्चपर्यंत जास्तीत जास्त ५,००० नग", आणि त्या वाढीव नगांचा रेट वेगळा मागायला काही हरकत नाही. पेमेंट अडवतील: त्याचं खाली सांगतो.

चौथी गोष्ट सगळ्यात फसवी, काहीच होत नाही. ईमेलला उत्तर नाही, फोनवर "हो हो बघू", आणि २० फेब्रुवारीला सिस्टीममधून मार्चचं १२,००० नगांचं शेड्यूल येऊन पडतं. शॉपमधला पोरगा सवयीने ते ॲक्सेप्ट करतो, मार्चच्या पहिल्या आठवड्यात एक गाडी पण जाते. आता तुमची नोटीस गेली पाण्यात, कारण तुम्ही स्वतःच तारखेनंतर सप्लाय केला आणि समोरचा म्हणू शकतो की कॉन्ट्रॅक्ट चालूच आहे. म्हणून दर महिन्याला पत्राचा संदर्भ देऊन दोन ओळींचा ईमेल टाका, "डिसेंबरचे १२,००० पूर्ण, बँक स्टॉक २,३०० तयार, शेवटचा डिस्पॅच २८ फेब्रुवारी". आणि मार्चचं शेड्यूल आलं तर त्याच दिवशी उत्तर द्या की हे पत्रानुसार आमच्याकडून होणार नाही, कृपया सिस्टीममधून काढावं. जानेवारीच्या मध्यापर्यंत नवीन व्हेंडरचा सेटर तुमच्याकडे आलाच नाही, तर समजा तिकडे काहीच हललेलं नाही. मग बायरला डावलल्यासारखं न करता, त्याला सांगून, त्याच्या साहेबांना एक फोन करा.

सामान परत देताना

इथे गोड पत्राची चव जाते, कारण भांडणं सगळी सामानावरून होतात.

फोर्जिंगचा हिशोब बघू. नोव्हेंबर ते फेब्रुवारी कस्टमरकडून ५५,००० नग आले. ५४,००० मशीन होऊन गेले, ३८० आपल्या मशीनिंगमध्ये रिजेक्ट, २४० फोर्जिंगच खराब निघालं, ३३० फ्लोअरवर शिल्लक. बेरीज ५४,९५०. पन्नास नग कुठे? बहुतेक वेळा ते सेटिंगचे नग असतात, सेटरने भंगाराच्या पिंपात टाकलेले आणि कुठेच न लिहिलेले. पन्नास नगांचे पैसे फार नसतात, पण स्टोअर्सवाला हिशोब जुळल्याशिवाय सही करत नाही आणि सही नाही तर शेवटचं बिल पास होत नाही. म्हणून डिसेंबरपासूनच सेटिंगचे नग वेगळ्या लाल ट्रेमध्ये ठेवायला सांगा. टर्निंगमध्ये निघणारी बर, म्हणजे धातूचा कीस, कोणाची हेही कॉन्ट्रॅक्टमध्ये बघा. ४२० ग्रॅमच्या फोर्जिंगमधून ३१० ग्रॅमचा बुश निघतो, म्हणजे नगामागे ११० ग्रॅम बर, महिन्याला तेराशे किलोच्या वर. ती कस्टमरची असेल आणि तुम्ही विकत आला असाल तर आत्ताच बोलून घ्या, शेवटच्या दिवशी नको.

जॉबवर्कला आलेला माल जीएसटीत एका वर्षाच्या आत परत जावा लागतो, नाहीतर तो कस्टमरने तुम्हाला विकला असं धरलं जातं आणि टॅक्स त्याच्या गळ्यात पडतो. फिक्श्चर, जिग, डाय, टूलना ही मुदत लागत नाही, पण म्हणून ते २०१७ च्या चलनावर कोपऱ्यात पडून ठेवायचे असं नाही. प्रत्येकाचा नंबर दिसेल असा फोटो काढा, जुन्या चलनाचा नंबर टाकून नवीन परतीचं चलन बनवा आणि स्टोअर्सची पोहोच घ्या. फिक्श्चरला तेल लावून, लोकेटिंग पिन झिजल्या असतील तर तसं लिहून पाठवा, कारण नवीन व्हेंडरकडे पहिलाच लॉट हुकला की दोष जुन्या व्हेंडरच्या फिक्श्चरवर येतो.

ड्रॉइंगच्या प्रिंट परत द्या. पीसीवरच्या फाइल डिलीट केल्याचं कळवा. मशीनमधला प्रोग्रॅम मात्र तुमचा आहे, कॉन्ट्रॅक्टमध्ये वेगळं काही नसेल तर. तो द्यायचा की नाही ते तुमच्यावर. मी असतो तर दिला असता, दुसऱ्याच्या मशीनवर तो तसाही जसाच्या तसा चालत नाही आणि बायरला मात्र मोठं मन वाटतं.

पैसे

पत्र आणि पैसे कधीच एका ईमेलमध्ये नको. पैशाचं बोलणं अकाउंट्सशी, वेगळं, शांतपणे. जानेवारीतच लेजर मागवून जुळवून घ्या. जुन्या डेबिट नोट निघतात, शॉर्टेजच्या, रिजेक्शनच्या, कधी तुम्हाला न कळवलेल्या. ज्या मान्य आहेत त्या मान्य करून टाका. तुम्हाला क्रेडिट नोट द्यायची असेल तर जीएसटीत तिला मुदत आहे, ज्या आर्थिक वर्षाचं बिल त्याच्या पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, त्यानंतर टॅक्सचे पैसे खिशातून जातात. कापलेला टीडीएस २६एएस मध्ये दिसतो का तेही बघा, व्यवहार चालू असताना अकाउंट्सवाला दुरुस्ती करून देतो, बंद झाल्यावर फोन उचलत नाही.

तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन सूक्ष्म किंवा लघु म्हणून असेल तर एमएसएमई कायद्याप्रमाणे पेमेंट ठरलेल्या तारखेला आणि काही झालं तरी ४५ दिवसांच्या आत यायला पाहिजे, लेखी ठरलेलं नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. हे माहीत असू द्या, पण पहिल्या आठवणीच्या ईमेलमध्ये कलमं टाकू नका. आधी अकाउंट्सला फोन, मग बायरला सांगून त्याच्याकडून धक्का, मग व्याजाचा उल्लेख नसलेलं पत्र, आणि त्यानंतरही अडवून ठेवलं तर मात्र हक्काचे पैसे सोडायचे नाहीत, पुढच्या कामाच्या आशेवर तर मुळीच नाही.

मार्चनंतर

शेवटच्या लॉटमधल्या रिजेक्शनसाठी एक माणूस आणि एक मुदत सांगून ठेवा, समजा ३१ मेपर्यंत. त्यानंतरही तक्रार आली तर ऐकून घ्या, पण नग बघितल्याशिवाय डेबिट मान्य करू नका, कारण तोपर्यंत नवीन व्हेंडरचा माल पण त्याच बिनमध्ये आलेला असतो. तुमच्या नगांवर लॉट नंबर किंवा पंच असेल तर हा वाद दोन मिनिटांत मिटतो, नसेल तर शेवटच्या दोन महिन्यांच्या नगांवर तरी पंच मारून घ्या, परवानगी विचारून.

व्हेंडर कोडचं एप्रिलमध्ये एकदा विचाराच. बुशचा रेट कॉन्ट्रॅक्ट बंद करताना कधीकधी अकाउंट्सवाला पूर्ण कोडलाच ब्लॉक लावतो, आणि तुम्हाला हे कळतं ते बाकीच्या दोन पार्टचं बिल अडकल्यावर. बायरला सांगून तो ब्लॉक काढून घ्यायचा, आणि नवीन कामाच्या चौकश्या ज्या लिस्टवर जातात तिच्यात आपला ईमेल अजून आहे का तेही त्याच फोनमध्ये विचारून घ्यायचं.

आणि मोठ्या व्यासाच्या कामात खरंच तास मोकळे झाले, समजा महिन्याला १५० तास, तर त्या बायरला तीन ओळींचा ईमेल टाका: कोणती मशीन, किती व्यासापर्यंत, किती तास, कधीपासून. तास मोकळे नसतील तर ईमेल नको, दिवाळीच्या मिठाईच्या बॉक्सवर भागवा.